शेवटचा थेंब न शोधता

आम्लाचं अनुमापन म्हटलं की फिनॉल्फ्थॅलिन आलंच. खाली शंकूपात्रात आम्ल, वर ब्युरेटमध्ये सोडिअम हायड्रॉक्साइड, आणि कॉकवर जपून ठेवलेला हात. द्रावणाला फिकट गुलाबी रंग आला आणि ढवळूनही तो टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. अकरावी-बारावीत विज्ञान घेतलेल्या कुणालाही हा प्रकार आठवत असेल. या पद्धतीचा सगळा भार शेवटच्या थेंबावर असतो. आधीचे सगळे थेंब नुसते तिथवर पोचवण्यासाठी.

पण द्रावण मुळातच गडद रंगाचं असेल, तर त्यात गुलाबी कुठून दिसणार? गढूळ असेल तरी तीच अडचण. आणि आम्ल फारच विरळ असेल तर रंग एका थेंबात पालटत नाही, रेंगाळत पालटतो, आणि नेमका कुठला थेंब शेवटचा मानायचा यावर दोघांचं एकमत होत नाही. अशा वेळी डोळ्यांऐवजी विजेला विचारता येतं. द्रावणातून वीज किती सहज वाहते हे अल्क घालता घालता मोजत जायचं, आकडे आलेखावर मांडायचे आणि दोन सरळ रेघा ओढायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे उत्तर. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ‘कंडक्टोमीटरचं प्रॅक्टिकल’ म्हणून विद्यार्थी जे करतात ते हेच. त्यातली गंमत अशी की ज्या जागी उत्तर असतं, त्या जागी रीडिंग घ्यावंच लागत नाही. खरं तर तिथे न घेतलेलंच बरं. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी रेघा सरळ का येतात ते पाहायला हवं.

पाण्यात विरघळलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल रेणू म्हणून शिल्लक राहत नाही. त्याचे पूर्णपणे हायड्रोजन आयन आणि क्लोराइड आयन होतात. तीव्र आम्ल म्हणतात ते यालाच. सोडिअम हायड्रॉक्साइडचेही तसेच सोडिअम आणि हायड्रॉक्साइड असे आयन होतात. द्रावणातून वीज वाहते ती या आयनांच्या हालचालीमुळे, आणि प्रत्येक जातीच्या आयनाची वीज वाहण्याची ताकद वेगळी असते. पंचवीस अंश सेल्सिअसला, खूप विरळ द्रावणात, क्लोराइडची ताकद ७६ धरली तर सोडिअमची ५० भरते. हायड्रॉक्साइडची १९९, आणि हायड्रोजन आयनाची तब्बल ३५०. (एकक आहे सीमेन्स वर्ग सेंटिमीटर प्रति मोल; आपल्याला इथे फक्त आकड्यांची तुलना हवी आहे.)

हायड्रोजन आयन इतका पुढे कसा? तो फार चपळ आहे, असं नाही. पाण्यात त्याला दुसऱ्यांसारखं वाट काढत जावंच लागत नाही. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहतात आणि काँक्रीटची घमेली हातोहात पुढे जातात, माणूस जागचा हलत नाही, तसं पाण्याचा एक रेणू आपल्याकडचा हायड्रोजन आयन शेजारच्याला देतो आणि शेजारचा आपल्याकडचा एक पुढे सरकवतो. प्रवास भाराचा होतो, कणाचा फारसा नाही. विजेनं पाणी फुटतं कसं, हे सांगताना थिओडोर फॉन ग्रोटहुस या विशीतल्या तरुणानं १८०६ साली अशा हातोहात देवाणघेवाणीची कल्पना मांडली होती. पाण्याच्या रेणूचं खरं सूत्रही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तपशील पुढे पुष्कळ बदलले, पण त्या यंत्रणेला नाव आजही त्याचंच आहे. हायड्रॉक्साइडलाही याच पद्धतीचा फायदा मिळतो, थोडा कमी.

आता आम्लात अल्काचा एक थेंब टाकला की काय होतं ते पाहा. आलेला हायड्रॉक्साइड एका हायड्रोजन आयनाला गाठतो आणि दोघांचं पाणी होतं. पाणी जवळजवळ वीज वाहत नाही. म्हणजे ३५० ताकदीचा एक गडी कमी झाला. पण हायड्रॉक्साइडबरोबर आलेला सोडिअम द्रावणात राहतो, त्याची ताकद ५०. क्लोराइड होता तसाच. थोडक्यात प्रत्येक वेळी ३५० जाऊन ५० येतात, ३०० ची घट. पहिल्या थेंबाला जेवढी घट, तेवढीच शंभराव्या थेंबाला. दर थेंबाला सारखीच घट म्हणजे आलेखावर खाली उतरणारी सरळ रेघ.

सगळे हायड्रोजन आयन संपले की चित्र उलटतं. पुढचा थेंब पडतो तेव्हा त्यातल्या हायड्रॉक्साइडला गाठायला कुणी उरलेलं नसतं. तो आणि त्याचा सोडिअम दोघेही द्रावणात भर घालतात: १९९ आणि ५०, मिळून सुमारे २५०. पुन्हा प्रत्येक थेंबाला तेवढीच वाढ. ही झाली चढणारी सरळ रेघ. दोन्ही मिळून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आकार होतो, आणि त्याच्या टोकाशी आम्ल व अल्क समसमान झालेले असतात.

३०० ची घट आणि २५० ची वाढ हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. सहास पाच. उतरणारी रेघ चढणाऱ्या रेघेपेक्षा थोडी अधिक तीव्र उताराची असायला हवी. आलेख नेमका उलटा आला, किंवा उजवी बाजू जवळजवळ आडवी झाली, तर बाटलीवर लिहिलंय ते द्रावण आत नाही अशी शंका घ्यावी. अमोनियासारखा दुबळा अल्क असेल तर उजवी रेघ खरोखरच आडवी होते, कारण त्याचे आयन फारसे होतच नाहीत.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण वर दिलेल्या ताकदींच्या हिशेबाला धरून, प्रयोगशाळेत यावेत तसे.

हायड्रोक्लोरिक आम्लाचं एक द्रावण आहे, त्याची तीव्रता काढायची आहे. पिपेटनं त्यातलं १० मिली बीकरमध्ये घेतलं आणि ऊर्ध्वपातित पाणी घालून एकूण १०० मिली केलं. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड. बीकरमध्ये वाहकतेचा सेल बुडवला. काचेच्या नळीत समोरासमोर बसवलेल्या प्लॅटिनमच्या दोन चकत्या, एवढाच तो असतो. चकत्या पूर्ण बुडालेल्या हव्यात, मध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला नको. मग एकेक मिली अल्क घालायचा, ढवळायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा. एकक मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर.

| अल्क (मिली) | रीडिंग | दुरुस्त केलेलं |
|---|---|---|
| ० | २.०० | २.०० |
| १ | १.६८ | १.७० |
| २ | १.३८ | १.४१ |
| ३ | १.०८ | १.११ |
| ४ | ०.७९ | ०.८२ |
| ५ | ०.६० | ०.६३ |
| ६ | ०.८२ | ०.८७ |
| ७ | १.०४ | १.११ |
| ८ | १.२५ | १.३५ |
| ९ | १.४६ | १.५९ |

तिसऱ्या रकान्यातली दुरुस्ती कसली? अल्क घालताना आपण त्याच्याबरोबर पाणीही घालतो. सुरुवातीचे १०० मिली शेवटी १०९ होतात. आयन तेवढेच, पण जास्त पाण्यात पसरलेले, म्हणून रीडिंग जरा कमी दिसतं. त्यामुळे प्रत्येक रीडिंगला त्या वेळच्या एकूण आकारमानानं गुणायचं आणि मूळच्या १०० नं भागायचं. ८ मिलीला १.२५ गुणिले १०८ भागिले १०० म्हणजे १.३५. दुरुस्ती केली नाही तर दोन्ही रेघा किंचित वाकतात आणि छेदबिंदू सरकतो. वरच्या उदाहरणात तो ४.८० च्या जागी ४.७५ मिलीला येतो, म्हणजे एक टक्क्याची चूक. इथे ब्युरेटमधला अल्क बीकरमधल्या पातळ केलेल्या आम्लाच्या वीसपट तीव्र आहे, म्हणून चूक एवढ्यावर भागली. दोन्ही सारख्या तीव्रतेचे घेतले असते तर अंत्यबिंदूपर्यंत बीकरमधलं पाणी दुप्पट झालं असतं आणि दुरुस्तीशिवाय रेघांना सरळ म्हणणं कठीण गेलं असतं. ब्युरेटमधलं द्रावण निदान दहापट तीव्र ठेवावं, हा नियम यातूनच आला.

आता आलेख. सगळ्यात कमी रीडिंग ५ मिलीला आहे. प्रॅक्टिकलच्या तासाला हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे विद्यार्थी सगळे बिंदू हातानं गोलसर वक्रानं जोडतात आणि तळाच्या बिंदूकडे बोट दाखवून ‘पाच मिली’ म्हणतात. हे चुकीचं आहे. पाच मिलीला रीडिंग सर्वांत कमी आलं, कारण आपण पाच मिलीला थांबलो होतो. साडेचारला थांबलो असतो तर कदाचित वेगळं काही दिसलं असतं. तळ कुठे आहे हे रीडिंग घेण्याच्या आपल्या सोयीनं ठरता कामा नये.

योग्य रीत अशी. ० ते ४ मिलीचे पाच बिंदू घ्या, त्यांतून पट्टीनं एक रेघ ओढा आणि ती पुढे वाढवा. ६ ते ९ मिलीच्या चार बिंदूंतून दुसरी रेघ ओढा आणि ती मागे वाढवा. मधल्या पाचला तूर्त हात लावू नका, कारण तो कुठल्या रेघेचा आहे हे अजून आपल्याला माहीत नाही. पहिली रेघ २.०० पासून दर मिलीला ०.२९५ नं उतरते. दुसरी दर मिलीला ०.२४ नं चढते, आणि मागे वाढवली तर शून्य मिलीला उणे ०.५७ वर पोचते. दोन्ही रेघांची उंची सारखी कुठे होते? २.०० आणि ०.५७ यांची बेरीज २.५७, तिला ०.२९५ आणि ०.२४ यांच्या बेरजेनं, म्हणजे ०.५३५ नं, भागायचं. उत्तर ४.८० मिली.

पुढचा हिशेब शाळेतलाच. ४.८० गुणिले ०.१ भागिले १०, म्हणजे मूळ आम्ल ०.०४८ मोलर. लिटरमागे पावणेदोन ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. तळाचा बिंदू पाच धरणाऱ्यानं ०.०५० लिहिलं असतं, चार टक्के जास्त. आणि ज्यानं पाचचा बिंदू घाईनं डाव्या रेघेत ओढून घेतला, त्याची रेघ थोडी कलून छेदबिंदू ४.९० ला गेला असता. आता उत्तर हाती आल्यावर कळतं की पाच मिलीचा बिंदू उजव्या रेघेवर अगदी बरोबर बसतो. पण ते नंतर.

म्हणूनच वर म्हटलं की अंत्यबिंदूजवळ रीडिंग न घेतलेलं बरं. फिनॉल्फ्थॅलिनच्या सवयीनं हात तिथे हळू होतो, अर्ध्या अर्ध्या मिलीनं पुढे जायचा मोह होतो. त्यानं इथे फारसं साधत नाही. रेघ दोन दूरच्या टोकांनी पक्की होते, एकमेकांना चिकटलेल्या बिंदूंनी नाही. एखादं रीडिंग जरा इकडेतिकडे झालं तरी बाकीचे चार त्याला सांभाळून घेतात. गुलाबी रंगाच्या शेवटच्या थेंबाला असा आधार कुणाचाच नसतो. अंत्यबिंदू ओलांडून तीन-चार मिली पुढे जाणं ही इथे चूक नाही, गरज आहे.

दुसरी एक सूट यातूनच मिळते. सेलचा स्थिरांक, म्हणजे चकत्यांमधलं अंतर आणि त्यांचं क्षेत्रफळ यांवरून येणारा आकडा, माहीत नसला तरी चालतं. मीटर सगळे आकडे दीडपट दाखवत असेल तर दोन्ही रेघा दीडपट उंच होतील, पण त्यांचा छेद आडव्या अक्षावर जागचा हलणार नाही. चालत नाही ते मधेच काही बदललेलं. सेल हलवून वरखाली केला, किंवा बीकर उन्हात ठेवला, की बिघडलं. तापमान एक अंशानं वाढलं तर वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. आम्ल आणि अल्क एकत्र आल्यावर उष्णता निघते, त्याची मात्र या प्रयोगात धास्ती नको. ०.४८ मिलीमोल आम्लाची उष्णता २७ ज्यूल, आणि १०० मिली पाणी तेवढ्यानं अंशाच्या दहाव्या भागानंसुद्धा तापत नाही.

सेलमध्ये वीज सोडायची ती दिशा सतत पालटणारी, प्रत्यावर्ती. साधी बॅटरी लावली तर चकत्यांवर हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला क्लोरीन किंवा ऑक्सिजन सुटू लागतो, चकत्यांभोवती आयनांची गर्दी-टंचाई होते आणि आपण द्रावणाऐवजी त्या गोंधळाचाच विरोध मोजत बसतो. हे आधी ओळखून प्रत्यावर्ती धारेनं मोजण्याची पद्धत बसवली ती जर्मन पदार्थवैज्ञानिक फ्रिडरिश कोलराउश यांनी, १८६९ पासूनच्या दशकात. त्यांच्या मांडणीत आकडा दाखवणारा मीटर नव्हता. टेलिफोनचा रिसिव्हर कानाला लावून, त्यातला आवाज सर्वांत क्षीण कधी होतो ते ऐकून ब्रिज जुळवायचा. प्रत्येक आयनाचा वाटा स्वतंत्र असतो आणि त्यांची नुसती बेरीज करता येते, हा नियमही त्यांचाच. वर ३५० मधून ५० वजा केले ते त्याच्याच भरवशावर.

बिघाड ओळखायचा तर छेदाच्या आसपास पाहावं. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क असतील तर कोपरा टोकदार येतो, जवळचे बिंदूही रेघांवरच बसतात. कोपरा गोलसर झाला, किंवा दोन रेघांच्या मध्ये एक तिसरा, मंद चढणारा तुकडा दिसला, तर बहुतेक वेळा दोष कार्बन डायऑक्साइडचा असतो. सोडिअम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली की ते हवेतला हा वायू शोषतं आणि त्यात कार्बोनेट तयार होतं. आम्लात पडल्यावर त्याचा पुन्हा विरघळलेला कार्बन डायऑक्साइड होतो. हायड्रोजन आयन संपल्यावर पुढचा अल्क आधी त्याच्यात खर्ची पडतो, त्याचा बायकार्बोनेट होतो, आणि त्या टप्प्यात वाहकता हळूहळूच वाढते. मोकळे हायड्रॉक्साइड त्यानंतर दिसू लागतात. असा आलेख आला तर रेघा ओढण्यात वेळ न घालवता अल्क नव्यानं तयार करावा, आणि पाणी उकळून, झाकून गार केलेलं घ्यावं. आपल्या उदाहरणातल्या आम्लाला हवेतून पाण्यात आलेल्या एवढ्याशा वायूनं फरक पडत नाही. पण आम्ल पन्नासपट विरळ असेल तर तोच दहा टक्क्यांची चूक करू शकतो.

दुसरी मर्यादा अधिक कडक आहे. वाहकता मोजणाऱ्या यंत्राला आयनांची जात कळत नाही, सगळ्यांची बेरीजच कळते. आपल्या बीकरमध्ये वाहकता २.०० वरून ०.५८ पर्यंत उतरली, ही घट ठसठशीत आहे. तेच आम्ल समुद्राच्या पाण्यात मिसळलं असतं तर? समुद्राच्या पाण्याची स्वतःचीच वाहकता पन्नासच्या वर असते. त्यात दीडाची घट म्हणजे तीन टक्क्यांहून कमी, आणि ती मीटरच्या अचूकतेत आणि तापमानाच्या चढउतारात बुडून जाते. ‘व्ही’चा कोन उघडत उघडत जवळजवळ सपाट होतो. मिठाचा मोठा साठा असलेल्या द्रावणात, मग ते सांडपाणी असो की लोणच्याचं पाणी, ही पद्धत वापरू नये. तिथे पीएच मीटर बरा.

आणि द्रावण स्वच्छ, बिनरंगी, नेहमीच्या तीव्रतेचं असेल तर कंडक्टोमीटर काढण्याचीही गरज नाही. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब पाच मिनिटांत तेवढंच अचूक उत्तर देतात. वाहकतेची पद्धत खरी कामाला येते ती जिथे रंग दिसत नाही किंवा आम्ल फार विरळ आहे, आणि इतर क्षार थोडे आहेत, अशा ठिकाणी. तिथे मात्र अंत्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना दूरदूरची चार-चार रीडिंग घ्या, पातळ होण्याची दुरुस्ती विसरू नका, आणि रेघा पट्टीनंच ओढा.